बेचाळीस टिकमार्कांचा कारभारी

कारभारी सांडूला माणसं हुशार म्हणायची, तेव्हा मला हसू यायचं. आता हसूही येत नाय. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच म्हणते आणि कामाला लागते.

आमची कंपनी एअर कॉम्प्रेसर बनवते, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. हवा दाबून कारखान्याला पुरवणारं यंत्र. आमची यंत्रं घरात नाय, दुसऱ्यांच्या कारखान्यात जातात. त्यामुळं गिऱ्हाईक दुकानात येऊन यंत्राला हात लावून घेत नाय, आधी कागद मागतं. त्या कागदाला डेटाशीट म्हणतात. यंत्र किती हवा देतं, किती वीज खातं, किती उष्णता सोसतं, सगळं त्यात तक्ता करून लिहिलेलं असतं. माझं काम गिऱ्हाइकाचं ऐकून घेऊन त्याला कोणतं यंत्र लागेल ते सांगायचं. डेटाशीट लिहायचं काम कारभारीचं.

हे काम त्याला मिळालं कसं, ते ऐका. छावणी भागात त्याचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान होतं. तिथं तो लग्नाचे बायोडाटे करून द्यायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे कबूल करते. वरती गणपती, कडेनं वेलबुट्टी, आणि खाली सगळे मुलगे निर्व्यसनी, सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष. पाच फूट दोन इंचाचा मुलगा त्याच्या दुकानात शिरला की पाच फूट चारचा होऊन बाहेर पडायचा. कोरडवाहू जमिनीला 'शेती' एवढंच लिहायचं आणि विहीर असली, मग तिच्यात पाणी असो नसो, की 'बागायती' लिहायचं. अपेक्षा या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द: अनुरूप. आमचे मालक नानासाहेब, त्यांच्या पुतण्याचा बायोडाटा यानंच केला. पुतण्याचं लग्न महिन्यात जमलं. नानासाहेब म्हणाले, हा माणूस आपल्याला पाहिजे. पुतण्याच्या बायकोनं नंतर काय म्हटलं, ते नानासाहेबांनी कधी विचारलं नाय.

आला तसा कारभारीनं रुबाब सुरू केला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, एकही लिहीत नसे. आल्या आल्या त्यानं जुनी डेटाशीट रद्द केली आणि नवी केली बेचाळीस ओळींची. जुनीत सतरा होत्या. मी विचारलं, ओळी कशाला वाढवल्या? तर म्हणाला, "मॅडम, ओळी जास्त असल्या की माल भरीव वाटतो." यंत्राचा रंग ही ओळ. रंगाचा शेड नंबर ही दुसरी ओळ. चाकं आहेत का, ही ओळ. आमच्या यंत्राला चाकं नसतात, तर तिथं लिहिलं 'स्थिर बैठक'. बायोडाट्यातला निर्व्यसनी तो हाच.

एवढ्यावर थांबला असता तरी मी सोसलं असतं. पण नानासाहेबांना कुणीतरी सांगितलं की आता गिऱ्हाइकाला नुसता तक्ता पुरत नाय, दुसऱ्या कंपनीशी तुलना लागते. त्यांनी कारभारीला सांगितलं. कारभारीनं दोन दिवसांत तुलना केली. शेजारी शेजारी दोन रकाने, एक आमचा, एक 'इतर'. आमच्या रकान्यात बेचाळीस हिरव्या टिकमार्क. 'इतर'च्या रकान्यात काही टिकमार्क, बाकी लाल फुल्या. झाली तुलना. नानासाहेबांनी ती फ्रेम करून रिसेप्शनमध्ये लावली.

टिकमार्क म्हणजे काय, हे मी त्याला विचारलं होतं. 'तापमान' अशी ओळ आणि पुढं टिकमार्क. म्हणजे यंत्राला तापमान आहे? मढ्यालाही असतं की. तो म्हणाला, "म्हणजे आपलं तापमान चांगलंय." माझं कपाळ.

हे सगळं असंच चाललं असतं. पण मार्च अर्धा सरला तेव्हा आशाबाई आल्या.

आशाबाईंचं शेंद्र्याला पत्र्याचं शेड. लोखंडी भागांवर जोरात वाळूसारखी खडी मारून गंज काढायचा, मग त्यावर पावडरचा रंग चढवून भट्टीत भाजायचा, हे त्यांचं काम. नवरा गेल्यावर दिराच्या नाकावर टिच्चून त्यांनी ते चालवलं. काम एकाच मोठ्या कारखान्याचं, मोटारसायकलच्या ब्रॅकेटचं. दोन्ही कामांना दाबाची हवा लागते. आदल्या मे महिन्यात त्यांचा जुना कॉम्प्रेसर उन्हानं तापून बंद पडायचा, थंड झाल्याशिवाय सुरू व्हायचा नाय. खडी मारणं अर्ध्यावर राहायचं, हवेत ओल राहून रंगाला फोड यायचे, माल परत यायचा. कारखान्यानं त्यांना लिहून सांगितलं होतं की यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच झालं तर काम दुसरीकडं जाईल.

"त्यांनी काम काढलं की माझं शेड गेलं," आशाबाई म्हणाल्या. "बारा बाया हायत माझ्याकडं. एकदाच यंत्र घ्यायचं मला. चुकले तर दुसरं घ्यायला मी उरणार नाय."

कारभारीनं त्यांना चहा दिला आणि टिकमार्कवाला कागद दिला. आशाबाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. बोटानं ओळ धरून वाचला. मग विचारलं, "साहेब, ह्यातलं कोणतं माझ्या शेडात मे महिन्यात चालंल?"

"ताई, सगळ्यात आपण पुढं आहोत. बघा ना, सगळीकडं टिक आहे."

"ते दिसलं मला. मे महिन्याचं विचारते मी."

"तापमानाला पण टिक आहे."

आशाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्याजवळ दुसऱ्या कंपनीचाही कागद होता. तोही तक्ताच, पण निदान आकड्यांचा. त्या म्हणाल्या, "सरूताई, ह्यांचं वेगळं लिवलंय, तुमचं वेगळं लिवलंय. एकाचं माप पायलीत, एकाचं किलोत. मी कशाला कशाशी लावू?"

बाई शाळेत सातवीपर्यंत. पण बरोबर तिथंच बोट ठेवलं जिथं कारभारीनं शेण खाल्लं होतं. संध्याकाळी कारभारी घरी गेल्यावर मी त्याची मूळ फाईल उघडून बघितली. हवेच्या ओळीत त्यानं आमचा आकडा घेतला होता सात बार दाबाचा, मिनिटाला एकशे अठ्ठावीस घनफूट. आणि 'इतर'चा, म्हणजे त्याच दुसऱ्या कंपनीचा, घेतला होता दहा बारचा, एकशे आठ. तेवढीच मोटर जास्त दाबाला कमी हवा देते, हे आमच्या वर्कशॉपमधला चहावालाही सांगेल. त्यांच्याच कागदावर सात बारचा आकडाही होता, एकशे तीस. म्हणजे हवेत ते आमच्यापेक्षा दोनानं पुढंच. विजेच्या ओळीत आमच्या नुसत्या मोटरचा आकडा, त्यांच्या पंख्यासकट अख्ख्या यंत्राचा. म्हणजे आमच्या नवऱ्या मुलाचं वजन अनवाणी आणि त्यांच्याचं बूट-कोट घालून.

आणि तापमान. आमचं साधं यंत्र भोवतालची हवा चाळीस अंशांपर्यंत सोसतं. पुढं तेल तापतं आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. त्यांचं सेहेचाळीसपर्यंत चालतं. शेंद्र्याला मे महिन्यात पत्र्याखाली चव्वेचाळीस होतात, उभं राहवत नाय. आशाबाईंनी टिकमार्क बघून आमचं साधं यंत्र घेतलं असतं, तर बरोबर त्याच दिवसांत ते बंद पडलं असतं ज्या दिवसांसाठी त्या ते घेत होत्या. गंमत अशी की आमच्याकडंही तेल थंड करणाऱ्या मोठ्या कूलरचं यंत्र आहे, सेहेचाळीस अंशांचं. ते कारभारीच्या कागदावर नव्हतंच. का नव्हतं? तर ते लिहिलं की साध्या यंत्रापुढची टिकमार्क खोडावी लागते.

मी त्याला गाठलं. सांगितलं, दोन्ही आकडे एकाच दाबाला आण, वीज दोघांचीही पूर्ण यंत्राची लिही, तापमानाला आकडा लिही आणि मोठ्या कूलरचा तिसरा रकाना टाक.

"मॅडम, गिऱ्हाइकाला गोंधळात टाकू नका," तो म्हणाला. "तिसरा रकाना दिला की माणूस विचार करायला लागतो."

"मग काय करावं माणसानं?"

"ऑर्डर द्यावी."

नानासाहेबांकडं गेले. ते म्हणाले, कारभारीला बाजार कळतो, तुला यंत्र कळतं. दोघं आपापलं बघा. आशाबाईंनी सोमवारी ऑर्डर देणार म्हणून सांगितलं होतं. मोठ्या कूलरच्या यंत्राला सहा आठवडे लागतात. सोमवार चुकला की मे महिन्याआधी ते मिळायचं नाय. आणि शनिवारी कारभारी सुट्टीवर. फाईल नुसती बघता यायची, बदलायचा पासवर्ड त्याच्याकडं. फोनवर म्हणाला, घरीच या, लॅपटॉप घरी आहे, घरी पाहुणे येणारेत तेवढंच.

गेले. छावणीतच घर, दुकानाच्या मागं. पाहुणे म्हणजे मुलीला बघायला येणारे. कावेरी तिचं नाव, एका दवाखान्यात लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तीन स्थळं आली होती. पाहुण्यांना अजून वेळ होता, म्हणून कारभारीनं मला बसवलं आणि छाती फुगवून एक कागद पुढं केला.

"हे बघा मॅडम. तुम्ही म्हणता ना तुलना, तुलना. ही बघा, मी काढलेली."

मी तो दोनदा वाचला.

तीन मुलांचा तक्ता. पैठणचा, गंगापूरचा, जालन्याचा. बायोडाट्यातल्या वीस-पंचवीस ओळींतल्या फक्त सहा ठेवलेल्या. पहिली ओळ, लग्नानंतर मुलीची नोकरी. पैठणचा म्हणतो चालेल पण सासू म्हणते बघू. गंगापूरच्याला स्पष्ट नको. जालन्याचा म्हणतो, तिथल्या दवाखान्यात जागा आहे, मी विचारून ठेवली. दुसरी ओळ पगार, तिघांचाही एकाच महिन्याचा, कापून हातात पडणारा. गंगापूरच्यानं वर्षाचा सांगितला होता, बोनस धरून. तो बारानं भागून, कपात वजा करून लिहिलेला. तिसरी जमीन. बायोडाट्यात दहा एकर बागायती असलेला चार भावांपैकी एक, म्हणून वाटणीनंतर अडीच, आणि पुढं लिहिलं होतं, एप्रिलनंतर विहिरीला पाणी नाही. एके ठिकाणी 'विचारलं, उत्तर दिलं नाही' असंही लिहिलं होतं. खाली प्रत्येकाला एक वाक्य. जालन्याच्या खाली: नोकरी महत्त्वाची असेल तर हा, शेतीवर भिस्त असेल तर नको.

हेच तर मी त्याच्याजवळ दोन वर्षं मागत होते. घेणाऱ्याला काय पाहिजे ते आधी. सगळ्यांचं माप एका वजनावर. माहीत नाय ते माहीत नाय म्हणून लिहायचं. आणि शेवटी, कुणाला कोणतं बरं, हे धडधडीत सांगायचं.

"उंची, रंग, शिक्षण, हे का काढलं?" मी विचारलं.

कारभारी घुटमळला. कावेरी चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "तिघंही बीएस्सी, तिघंही सारख्याच उंचीचे. ज्यात फरकच नाय ती ओळ ठेवून काय उपयोग? वाचणाऱ्याचे डोळे दुखतात." आणि ओठ दाबून आत गेली.

"व्हय, तेच," कारभारी म्हणाला. "डोळे दुखतात."

मी कप खाली ठेवला. "कारभारी, तुम्हाला हे येतं. मग आशाबाईंसाठी का नाय केलं? बाईचं शेड जाईल, माहितेय ना तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच अडाणी. "मॅडम, ही माझी पोरगी आहे," तो म्हणाला. "ती गिऱ्हाईक आहे."

पासवर्ड घेतला आणि निघाले. रस्ताभर मनात त्याला शिव्या घातल्या, पण एक सांगते, त्या शिव्यांना धार नव्हती. वाटलं, माणूस नालायक आहे, पण निदान पोरीसाठी तरी खरं लिहितो. एवढं तरी माणसात शिल्लक असतं.

रविवारी घरी बसून मी आशाबाईंचा कागद केला. कारभारीच्या घरच्या कागदावर बेतून. पहिला रकाना यंत्राचा नाय, आशाबाईंच्या गरजेचा. खडी मारायचं नोझल, त्याला सात बारला किती हवा. नोझल झिजून भोक मोठं झालं की किती. शेडात मे महिन्यात किती अंश. मग तीन यंत्रं, आमचं साधं, आमचं मोठ्या कूलरचं, त्यांचं. हवा तिन्हींची सात बारला. तिन्ही पुरी पडत होती, म्हणून ती ओळ वरती फक्त एका वाक्यात सांगितली. वीज पूर्ण यंत्राची. त्यांची थोडी कमी निघाली, तशीच लिहिली. हवेतली ओल काढायचा ड्रायर तिन्हींचा सारखा, ती ओळ उडवली. रंग, शेड नंबर, स्थिर बैठक, सगळं उडवलं. उरल्या पाच ओळी. तापमानाच्या ओळीत आमच्या साध्या यंत्रापुढं लिहिलं: चाळीसच्या पुढं बंद पडेल, तुमच्या शेडाला चालणार नाही. दुरुस्तीच्या ओळीत लिहिलं: आमचा माणूस चिकलठाण्याहून त्याच दिवशी, त्यांचा पुण्याहून दुसऱ्या दिवशी. खाली: पत्र्याचं शेड, खडीचं काम आणि यंत्र बंद राहिलेलं परवडत नसेल तर मोठ्या कूलरचं घ्या, पण सोमवारीच सांगा. विजेचं बिल हीच मोठी चिंता असेल तर त्यांचं घ्या.

सोमवारी तो कागद नानासाहेबांसमोर ठेवला. त्यांनी वाचला. "त्यांचं घ्या असं लिहिलंस तू?"

"एका अटीवर लिहिलंय. ती अट आशाबाईंना लागू नाय. पण ते वाक्य नसलं तर वरचं कुणी खरं मानणार नाय."

कारभारी म्हणाला, हे म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा. नानासाहेबांनी कागद दोनदा फिरवला. मग म्हणाले, दे तिला, बघू. मालक लोकांचं असंच, पोहता येत नाय पण पाण्यात ढकलायला दुसऱ्याला तयार.

आशाबाईंनी बोट ठेवून पाच ओळी वाचल्या. तापमानाच्या ओळीवर बोट थांबलं. "हे साधं यंत्र बंद पडंल, हे तुम्हीच लिवलं?"

"व्हय."

"मग बाकीचं बी खरंच असंल," म्हणाल्या, आणि मोठ्या कूलरच्या यंत्राची ऑर्डर दिली.

मे महिन्यात मी शेंद्र्याला गेले, मुद्दाम दुपारी. पत्र्याखाली काट्यानं पंचेचाळीस दाखवले. यंत्र चालू होतं. बाया डोक्याला पदर गुंडाळून ब्रॅकेट लटकवत होत्या. आशाबाईंनी माझ्या हातात गार ताकाचा पेला दिला आणि यंत्राकडं हात केला. कारखान्याचं काम तिथंच राहिलं.

नानासाहेबांना हे कळलं. त्यांनी हुकूम काढला की यापुढं सगळ्या डेटाशीट अशाच. कारभारीनं त्या केल्या. करताना मला दर ओळीला विचारत होता, आणि प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहून लोकांना सांगत होता, "आमची पद्धत अशी आहे की आधी गिऱ्हाइकाची गरज." आमची पद्धत, म्हणे. मी कोपऱ्यात बसून कागद लावत राहिले. लाज नसलेल्या माणसाशी भांडून आपलंच तोंड दुखतं.

कावेरीचं लग्न जालन्याच्या मुलाशी झालं. आशाबाईंनाही बोलावणं होतं. कारभारी त्यांना सगळ्यांपुढं 'आमच्या खास ग्राहक' म्हणून मिरवत होता. पंगत झाल्यावर मी नव्या नवरीला भेटायला गेले. म्हटलं, कावेरी, तुझ्या पप्पांवर माझा राग आहे, पण तुझ्या स्थळांचा तो कागद त्यांनी फार चांगला केला होता. त्याच्यावरूनच मी एका बाईचं काम वाचवलं.

ती हसली नाय. हातातली फुलं बाजूला ठेवली.

"तो मी केला होता, ताई. लॅबमध्ये आम्ही दोन माणसांचं रक्त वेगवेगळ्या मापात कधी लिहीत नाय, तेवढंच मला येत होतं. फोनही मीच केले, आवाज बदलून, मामी आहे म्हणून."

"आणि पप्पांनी?"

"पप्पांनी आधी केला होता एक," ती म्हणाली. "तीन रकान्यांचा. तिघांपुढंही टिकमार्क. सगळ्या ओळींत."